पांढऱ्या केसांवर उतरलेला जांभळट रंग आणि ट्यूबच्या मागची नावे

प्रश्न: सर, बडोद्यात रावपुऱ्याजवळ माझे लहानसे पार्लर आहे. हेअर कलरच्या ट्यूबवर पी-फेनिलिनडायअमाइन, रिसॉर्सिनॉल, मेटा-अमिनोफिनॉल, इथेनॉलअमाइन अशी नावे असतात. त्यांतले रंग कोणते आणि बाकीचे काय करतात? अमोनिया-फ्री मध्यम तपकिरी शेड एका ताईंच्या कानशिलावरच्या पांढऱ्या केसांवर जांभळट-तांबूस उतरली आणि दोन आठवड्यांत फिकी पडली, तर मागच्या काळ्या केसांना नारिंगी झाक आली. ट्यूब खराब होती का?

उत्तर:

ताई, तुम्ही नंतर कळवलेल्या तपशिलावरून ट्यूब खराब नव्हती असेच मला वाटते. पण पहिल्या प्रश्नाचे उत्तर समजले की दुसऱ्याचे आपोआप मिळते, म्हणून आधी नावांकडे वळतो.

तुम्ही दिलेल्या चार नावांपैकी एकही पदार्थ रंग नाही. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत हेअर कलरच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षे काम केले, आणि नव्याने आलेल्या मुलांना पहिल्या दिवशी आम्ही एक साधा प्रयोग करून दाखवत असू. तीन छोटे बीकर घ्यायचे आणि तिन्हींत थोडे अमोनियाचे पाणी व पेरॉक्साइड घालायचे. पहिल्यात फक्त पी-फेनिलिनडायअमाइन टाकायचे, दुसऱ्यात फक्त रिसॉर्सिनॉल आणि तिसऱ्यात दोन्ही. पहिला बीकर हळूहळू मळकट तपकिरी-काळा होतो. दुसरा बराच वेळ जवळजवळ तसाच राहतो, फार तर किंचित पिवळट दिसतो. तिसऱ्यात हिरवट झाकेचा तपकिरी रंग चढत जातो, आणि तो पहिल्या बीकरच्या रंगापेक्षा अगदी वेगळा असतो. मग रिसॉर्सिनॉलच्या जागी मेटा-अमिनोफिनॉल घेऊन तोच प्रयोग केला की रंग जांभळट-तांबूस तपकिरीकडे झुकतो, आणि २,४-डायअमिनोफिनॉक्सिइथेनॉल घेतले तर निळा-जांभळा होतो. पी-फेनिलिनडायअमाइन तिन्ही वेळा तेच असते. बदलतो तो फक्त त्याचा जोडीदार.

यातल्या पहिल्या प्रकारच्या पदार्थाला प्रायमरी इंटरमीजिएट म्हणतात. पी-फेनिलिनडायअमाइन, टोल्युइन-२,५-डायअमाइन आणि पी-अमिनोफिनॉल ही त्यांतली नेहमी दिसणारी नावे आहेत. पेरॉक्साइड या पदार्थातले इलेक्ट्रॉन काढून घेते आणि त्यापासून क्विनोनडायइमीनसारखा फार चपळ, अल्पायुषी रेणू तयार होतो. हा रेणू जोडीदाराच्या शोधात असतो. जोडीदार मिळाला नाही तर तो आपल्यासारख्याच दुसऱ्या रेणूंना धरून मळकट काळपट पदार्थ बनवतो, आणि पहिल्या बीकरमध्ये घडले ते हेच. दुसऱ्या प्रकारचा पदार्थ म्हणजे कपलर. कपलरवर पेरॉक्साइडचा स्वतःहून फारसा परिणाम होत नाही, पण क्विनोनडायइमीन समोर आले की तो त्याला लगेच चिकटतो. या जोडीतून आधी रंगहीन रेणू तयार होतो, पेरॉक्साइड त्याचेही ऑक्सिडीकरण करते, आणि तेव्हा कुठे खरा रंग दिसू लागतो. थोडक्यात, प्रायमरीवाचून रंग सुरूच होत नाही आणि कपलरवाचून त्याला शेड मिळत नाही.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तयार रंगच ट्यूबमध्ये का भरत नाहीत, असे कोणीही विचारेल. कारण रेणूच्या आकारात आहे. पी-फेनिलिनडायअमाइनचे रेणुभार १०८ आणि रिसॉर्सिनॉलचे ११० आहे, म्हणजे दोघेही इतके लहान की फुगलेल्या केसाच्या आत, कॉर्टेक्सपर्यंत, ते सहज शिरतात. तिथे त्यांची जोडी जमली की तयार झालेला रेणू साधारण दुप्पट किंवा त्याहून मोठा होतो आणि बाहेर पडताना अडकतो. जहाजाच्या प्रतिकृतीचे सुटे भाग बाटलीच्या अरुंद तोंडातून आत घालून आतच जोडावेत, तसा हा प्रकार आहे. यातूनच तुमच्या कामाची एक गोष्ट निघते. बाऊलमध्ये काळे पडलेले मिश्रण म्हणजे बाहेरच जोडून झालेले जहाज, आणि ते केसात शिरत नाही. म्हणून मिश्रण कालवल्यावर ते लगेच लावावे, आणि तासाभरापूर्वीचे उरलेले दुसऱ्या गिऱ्हाइकाला लावू नये. ते डोक्याच्या कातडीला आणि टॉवेलला छान रंगवते, केसांना नाही.

आता इथेनॉलअमाइनकडे, म्हणजे अल्कली किंवा क्षारकाकडे येतो, कारण पार्लरमध्ये सर्वांत जास्त गैरसमज याच्याबद्दल आढळतात. यादीत हे अमोनियम हायड्रॉक्साइड, इथेनॉलअमाइन किंवा अमिनोमिथिल प्रोपेनॉल या नावांनी येते. त्याची कामे तीन आहेत. पहिले, मिश्रणाचा पीएच साधारण ९.५ ते १०.५ पर्यंत नेऊन केस फुगवणे आणि क्युटिकलचे खवले सैल करणे. दुसरे, रिसॉर्सिनॉलसारख्या कपलरमधला एक हायड्रोजन काढून घेऊन त्याला जोडीसाठी तयार करणे, कारण त्या रूपात तो कितीतरी जलद जोडला जातो. तिसरे, पेरॉक्साइडला कामाला लावणे. डेव्हलपरच्या बाटलीत पेरॉक्साइड आम्लधर्मी अवस्थेत, पीएच ३-४ च्या आसपास ठेवलेले असते, कारण तिथे ते शांत राहते. क्षारकात गेले की त्याचा थोडा भाग पेरहायड्रॉक्सिल आयनाच्या रूपात येतो, आणि केसातले नैसर्गिक मेलॅनिन फिके करण्याचे बहुतेक काम हाच आयन करतो. पीएच ९ ला हा भाग सुमारे ०.२ टक्के असतो, तर पीएच १० ला सुमारे २ टक्के. पीएचमधल्या एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक.

इथून ‘अमोनिया-फ्री’ या शब्दाचा खरा अर्थ स्पष्ट होतो. अमोनिया काढला म्हणजे क्षारक काढला असे होत नाही, कारण त्याच्या जागी बहुतेक वेळा इथेनॉलअमाइन येते. अमोनियाचे रेणुभार १७ आणि इथेनॉलअमाइनचे ६१ असल्यामुळे एक ग्रॅम अमोनियाची जागा घ्यायला साधारण ३.६ ग्रॅम इथेनॉलअमाइन लागते. त्याला वास फार कमी येतो, कारण ते अमोनियासारखे उडून जात नाही. पण उडून जात नाही याचाच दुसरा अर्थ असा की ते शेवटपर्यंत केसातच राहते आणि नीट धुऊन काढावे लागते. अमोनिया मात्र लावल्यापासूनच हळूहळू हवेत जातो. झाकण नीट न लावलेली अमोनियाची ट्यूब महिनाभराने केस उजळवण्यात कमी पडते, ती याच कारणाने. लिफ्टच्या बाबतीत, म्हणजे नैसर्गिक रंग उजळवण्याच्या बाबतीत, अमोनिया अधिक ताकदवान ठरतो असा माझाही अनुभव आहे. त्याची भरपाई म्हणून इथेनॉलअमाइन फार वाढवले तर केसातल्या प्रथिनांचे नुकसान वाढते. तेव्हा ‘अमोनिया नाही म्हणून केसांना सुरक्षित’ हे विधान अर्धेच खरे आहे.

याहून महत्त्वाचे म्हणजे अ‍ॅलर्जीचा अमोनियाशी संबंध नाही. कपाळ सुजणे, कानामागे चिडून फोड येणे हे बहुतेक वेळा प्रायमरीमुळे, विशेषतः पी-फेनिलिनडायअमाइनमुळे होते, आणि अमोनिया-फ्री ट्यूबमध्येही ते असू शकते. टोल्युइन-२,५-डायअमाइनची ट्यूब घेतली तरी एकाची अ‍ॅलर्जी असलेल्याला दुसऱ्याचीही होऊ शकते. आपल्याकडे पी-फेनिलिनडायअमाइन असलेल्या डायच्या वेष्टनावर, आधी चाचणी करावी आणि भुवया-पापण्यांना लावू नये, अशी सूचना छापावी लागते. ती केवळ नियम म्हणून छापली आहे असे समजू नका. ४८ तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला चाचणी घेणे आपल्या धंद्यात कंटाळवाणे वाटते खरे. पण ‘आधी दहा वेळा लावला आहे’ हा पुरावा पुरेसा नाही, कारण शरीर पूर्वीच्या संपर्कातूनच संवेदनशील बनते.

आता तुमचा प्रसंग. तुम्ही नंतर मला सांगितले ते असे होते की त्या ताई पन्नाशीच्या पुढच्या होत्या आणि कानशिलावर सत्तर टक्क्यांच्या आसपास केस पांढरे होते. क्रीम पुरेनासे वाटले म्हणून तुम्ही ४० ग्रॅम क्रीममध्ये २० व्हॉल्यूमचे, म्हणजे ६ टक्क्यांचे, डेव्हलपर ८० ग्रॅम घातले, जरी पेटीवर समान प्रमाण सांगितले होते. शॅम्पूची खुर्ची रिकामी होती म्हणून वीस मिनिटांनीच धुतले. यात दोन चुका झाल्या, आणि त्या एकमेकींना पूरक ठरल्या.

आधी पहिली. समजा क्रीममध्ये प्रायमरी १ टक्का आहे. समान प्रमाणात कालवल्यावर डोक्यावर ०.५ टक्का पोहोचते आणि पेरॉक्साइड ३ टक्के राहते. तुम्ही दुप्पट डेव्हलपर घातले तेव्हा प्रायमरी ०.३३ टक्क्यांवर आली आणि पेरॉक्साइड ४ टक्क्यांवर गेले. म्हणजे रंगाचा माल एक तृतीयांशाने घटला आणि उजळवणारा पदार्थ एक तृतीयांशाने वाढला. पांढऱ्या केसांना मालाची सर्वांत जास्त गरज असते, कारण तिथे नैसर्गिक रंगाचा आधार नसतो. तुम्ही नेमके तेच कमी केले. जास्त पेरॉक्साइडने रंग जास्त चढतो ही समजूत आपल्या पार्लरांत फार पसरली आहे. ती चुकीची आहे, आणि पांढऱ्या केसांवर तिची किंमत लगेच दिसते.

दुसरी चूक वेळेची. तुमच्या यादीत रिसॉर्सिनॉल, मेटा-अमिनोफिनॉल आणि, तुम्ही फोटोत दाखवले त्याप्रमाणे, २,४-डायअमिनोफिनॉक्सिइथेनॉल असे तीन कपलर होते. तपकिरी शेड हा एकच रंग नसतो. निळा-जांभळा, जांभळट-तांबूस आणि हिरवट तपकिरी हे रंग एकत्र आले की डोळ्याला तपकिरी दिसते. पण हे तीन कपलर एकाच वेगाने काम करत नाहीत. २,४-डायअमिनोफिनॉक्सिइथेनॉलसारखे पदार्थ सर्वांत आधी जोडले जातात, त्यानंतर मेटा-अमिनोफिनॉल, आणि रिसॉर्सिनॉल सर्वांत मागे राहते. बाऊलकडे लक्ष दिलेत तर हे डोळ्यांनी दिसते. क्रीम आधी पांढरी, मग काही मिनिटांत जांभळट होते, आणि बऱ्याच वेळाने ती खऱ्या तपकिरीकडे वळते. वीस मिनिटांना धुतल्यावर हिरवट तपकिरी भाग अर्धवटच राहिला आणि आधी तयार झालेला जांभळट-तांबूस भाग उघडा पडला. कानशिलावर दिसला तो रंग नेमका हाच. लवकर फिका पडला याचे कारणही यातच आहे. आत पुरेसा रंग तयारच झाला नव्हता, त्यामुळे जो होता तो थोड्याच धुण्यांत ओसरला.

मागच्या काळ्या केसांना आलेली नारिंगी झाक मात्र या कारणाने आलेली नाही, आणि माझ्या मते तुम्ही हा फरक लक्षात ठेवावा. केस आधी काळा होता की पांढरा, हे विचारल्याशिवाय ‘तांबूस’ या तक्रारीला उत्तर देता येत नाही. पांढऱ्या केसात मेलॅनिन नसते, तेव्हा तिथे आलेली कोणतीही उबदार झाक डायमधूनच येते. काळ्या केसात ती बहुधा आतल्या मेलॅनिनची असते. क्षारक आणि पेरॉक्साइड मेलॅनिनचा गडद भाग फिका करतात आणि खाली नारिंगी-लाल आधार उघडा पडतो. त्यावर डायचा रंग पुरेसा बसला तर तो झाकला जातो, नाही बसला तर तो दिसतो. तुमच्या मिश्रणात पेरॉक्साइड ४ टक्क्यांवर गेल्याने उजळणे वाढले आणि डाय कमी असल्याने झाकण कमी पडले. एकाच बाऊलमधून पांढऱ्या केसांवर एका कारणाने आणि काळ्यांवर दुसऱ्याच कारणाने उबदार रंग आला.

त्या ताई पुन्हा आल्या तेव्हा तुम्ही काय करावे, हेही विचारले होते. मी सांगितले ते असे. तीच शेड, त्याच पेटीतल्या सूचनेप्रमाणे समान प्रमाण, २० व्हॉल्यूमच, आणि सुरुवात कानशिलापासून, कारण तिथे वेळ सर्वांत जास्त हवा. क्रीम तिथे जाड लावावी, केसांत चिकटून बसेल इतकी. वेळ पूर्ण, म्हणजे पेटीवर असेल तितका, सहसा ३०-३५ मिनिटे. लांबीच्या ज्या भागाला आधी रंग आहे तिथे सुरुवातीला लावू नये. शेवटच्या काही मिनिटांत ओल्या हाताने थोडे ओढून घेतले तरी पुरते, नाहीतर तिथे रंगावर रंग चढून टोके काळी पडतात. तुम्ही हे केलेत आणि कानशिले या वेळी नीट तपकिरी आली असे कळवलेत, तेव्हा बरे वाटले. जो नारिंगी आधार उघडा पडला होता तो पुन्हा काळा होत नाही, एवढे त्यांना सांगून ठेवा. नवा केस येईपर्यंत तो झाकतच राहावे लागेल.

शेवटी यादीबद्दल थोडे. तुम्ही म्हणालात की नावांच्या क्रमावरून कोणता पदार्थ जास्त हे कळते का. १ टक्क्यापेक्षा जास्त असलेल्या पदार्थांसाठी उतरता क्रम द्यावा लागतो. त्याखालचे पदार्थ मात्र कोणत्याही क्रमाने लिहिता येतात, आणि बहुतेक कपलर १ टक्क्याच्या खालीच असतात. त्यामुळे मेटा-अमिनोफिनॉल रिसॉर्सिनॉलच्या आधी छापले आहे म्हणून शेड लालसर असेल असा अंदाज बांधू नका. यादीवरून खात्रीने कळते ते एवढेच की कोणकोणते जोडीदार आहेत. पी-अमिनोफिनॉलबरोबर ४-अमिनो-२-हायड्रॉक्सीटोल्युइन दिसले तर तांबे-नारिंगी शेड आहे असे समजावे, कारण ती जोडी नारिंगी-लाल देते. २,४-डायअमिनोफिनॉक्सिइथेनॉल दिसले तर त्यात निळ्याचा भाग आहे, आणि काळ्या वा थंड तपकिरी शेडमध्ये ते बहुतेक वेळा असतेच.

एक छोटी गोष्ट नेहमी गोंधळात टाकते. टोल्युइन-२,५-डायअमाइन सल्फेट असे नाव दिसले तर त्याच्या वजनात सल्फ्युरिक आम्लही मोजलेले असते. रेणुभार २२० पैकी ९८ आम्लाचे असतात, म्हणून १.८ ग्रॅम सल्फेट म्हणजे साधारण १ ग्रॅम खरा प्रायमरी. शिवाय ते आम्ल क्षारक खाते, आणि प्रयोगशाळेत त्याची भरपाई म्हणून आम्हाला क्षारक जास्त घालावे लागे. एकदा मीच ते घालायला विसरलो होतो. सल्फेट रूपातल्या प्रायमरीची एक तुकडी तयार केली, पीएच मोजला तर ९ च्या आत आला, आणि केसांच्या चाचणीच्या झुपक्यावर पस्तीस मिनिटांनीही फक्त फिका बदामी रंग दिसला. ट्यूब भरायच्या आधी सापडले म्हणून वाचलो.

तुम्हाला पुढची तक्रार आली की ट्यूब कापून पाहा. तोंडाशी तपकिरी कड असणे ही सामान्य गोष्ट आहे, कारण तिथे हवा लागते. आतली क्रीमही तपकिरी असेल तर हवा आत गेली आहे आणि प्रायमरीचा काही भाग ट्यूबमध्येच खर्च झाला आहे. सोडियम सल्फाइट आणि एरिथॉर्बिक आम्ल ही नावे यादीत असतात ती हवेच्या ऑक्सिजनशी झुंजून प्रायमरी टिकवण्यासाठीच, पण ती मोजकीच घातलेली असतात आणि उघड्या झाकणापुढे फार काळ टिकत नाहीत. आत क्रीम पांढरी किंवा फिकट पिवळसर असेल तर दोष ट्यूबमध्ये नाही, तुमच्या वजनकाट्याशी आणि घड्याळाशी जुळवून पाहा.

काळ्या मेंदीची पुडी हाती आली तर तिच्या मागचीही यादी वाचा. तिच्यात पी-फेनिलिनडायअमाइन आणि बेरियम पेरॉक्साइड असेल तर तीही मेंदी नव्हे, हीच ऑक्सिडेटिव्ह डाय आहे, फक्त डेव्हलपर पुडीतच मिसळलेला. चाचणी तिलाही लागते, आणि तिच्यावर लगेच ट्यूबचा रंग चढवायचा असेल तर आधी एका बटेवर करून पाहा.